डॅलस ते उदगीर, पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं: हैदराबादला उतरावं की मुंबईला?

उदगीरकर_टेक्सासात (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. पुढच्या उन्हाळ्यात चौघं येतोय: आम्ही दोघं, मुलगा 9 वर्षांचा आणि धाकटी, जी 20 जूनला 2 वर्षांची होईल. इथली शाळा 27 मे रोजी सुटते आणि 11 ऑगस्टला भरते. घर उदगीरला, बायकोचं माहेर संभाजीनगरला. मुलाची मुंज करायची आहे, मुहूर्त अजून निघालेला नाही.

28 मे ते 31 जुलै धरून आत्ताच बघायला सुरुवात केली आहे. स्क्रीनवर दिसणारे माणशी दर असे आहेत:

डॅलस–हैदराबाद, येऊन-जाऊन: 1,540 डॉलर
डॅलस–मुंबई–संभाजीनगर, एकाच तिकिटावर, येऊन-जाऊन: 1,780 डॉलर
डॅलस–मुंबई, येऊन-जाऊन: 1,490 डॉलर, देशातलं विमान वेगळं काढायचं

तिसरा पर्याय सगळ्यात स्वस्त दिसतोय. मुंबई–संभाजीनगर तिकीट तर तीन-चार हजारांत मिळतं. मग दुसऱ्यासाठी माणशी 290 डॉलर जास्त का द्यायचे? की हैदराबादच बरं? आणि इतक्या आधी काढणं शहाणपणाचं आहे का?

नांदेडचा_बाळू

भाऊ, एवढी घाई कशाला करायलाव. विमानाचं तिकीट मंगळवारी रात्री 12 नंतर बघायचं, ब्राउजरची इन्कॉग्निटो खिडकी उघडून. पुन्हा पुन्हा बघितलं की त्यांना कळतं आणि भाव चढवतात. आणि हैदराबादच घ्या. उदगीरहून मुंबई म्हणजे 500 किलोमीटरच्या वर, हैदराबाद हाकेच्या अंतरावर.

देवगिरी

बाळूभाऊंचं हैदराबादचं म्हणणं बरोबर. मंगळवारचं मात्र सोडून द्या, भाव तसा चढत नाही. तो का चढतो ते समजून घेतलं तर चौघांच्या तिकिटात बरेच पैसे वाचतात, त्यावर पुढे लिहितो. आधी तिसऱ्या पर्यायाचं बघू, कारण तिथेच लोक फसतात.

अमेरिकेहून येताना सामान नगावर मोजतात. तुमच्या भाड्यात माणशी 23 किलोच्या दोन बॅगा असतील तर चौघांच्या 8 बॅगा, म्हणजे 184 किलो. देशातलं तिकीट वेगळं काढलं की त्याला देशातला नियम लागतो, साध्या वर्गात माणशी 15 किलो. चौघांचे 60. उरलेल्या 124 किलोंचे पैसे काउंटरवर किलोमागे मोजून घेतात. 290 डॉलरची बचत तिथेच जाते, वर रांगेत उघड्या बॅगांतून सामान इकडचं तिकडे करावं लागतं ते वेगळंच. एकाच तिकिटावर संभाजीनगरपर्यंत असाल तर सहसा आंतरराष्ट्रीय नियमच शेवटपर्यंत चालतो. मुंबईत बॅगा पट्ट्यावरून घेऊन, कस्टम ओलांडून पुन्हा द्याव्या लागतात, पण त्यांचं वजन पुन्हा करून कुणी पैसे मागत नाही.

दुसरी गोष्ट, उशीर झाला तर जबाबदारी कोणाची? तिकिटं वेगळी असतील तर देशातल्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, बाकी काही नाही. तिकीट बुडालं. एकच तिकीट असेल तर पुढच्या विमानात बसवणं त्यांचं काम.

तिसरी, 2025 च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. मुंबई म्हणून शोधलं की काही संकेतस्थळं दोन्हीकडची विमानं एकत्र दाखवतात. तिकिटावर BOM आहे की NMI ते वाचा. उतरलात सहारला आणि पुढचं विमान पनवेलजवळून, असं झालं तर मध्ये अख्खी मुंबई आहे. सहारवरसुद्धा टर्मिनल 1 आणि 2 वेगळे आहेत.

आजोबा_लातूर

अहो, मुंबईला उतरून लातूर एक्सप्रेस धरा. रात्री बसलं की सकाळी लातूर. तिथून उदगीर तास-दीड तास. त्याला वजनकाटा नाही की काउंटर नाही. आता तर काही दिवस गाडी पुढे बिदरपर्यंत जाते, म्हणजे उदगीरलाच उतरता. एसीचा डबा घ्या, नातवंडांना झोपून येता येईल.

पैठणची_रेवती

काका, गाडी चांगलीच आहे, पण रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं. 2024 च्या नोव्हेंबरपासून 120 चे 60 झाले. 29-30 मेचं तिकीट मार्चअखेरीस निघेल. उन्हाळी सुट्टी, लग्नसराई, त्या दिवसांत चार बर्थ एका डब्यात मिळतीलच याची खात्री नाही. विमानाचं आत्ता काढायचं आणि त्याच्या पुढचा टप्पा मार्चपर्यंत अधांतरी, हे लहान मुलांना घेऊन येणाऱ्याला परवडत नाही. शिवाय विमान पहाटे उतरणार आणि गाडी रात्रीची. मधला दिवस आठ बॅगांसह मुंबईत कुठे काढायचा?

आजोबा_लातूर

नातेवाइकांकडे. मुंबईत कुणी नाही असा लातूरकर असतो का?

दुबईकर_परभणी

आमच्याकडे शाळा जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुटतात आणि ऑगस्टअखेर भरतात. दुबईहून आम्हाला माणशी 30 किलो मिळतात, नग कितीही करा. थेट विमान, तीन-साडेतीन तासांचं. मी म्हणतो, इतक्या आधी काढूच नका. मार्चमध्ये सवलती निघतात तेव्हा काढा. तोवर शांत बसा.

देवगिरी

परभणीकर, तुमचं दुबईपुरतं खरं आहे. तिथून दिवसाला इतकी विमानं आहेत की एकात जागा नसली तर दुसरं मिळतं. डॅलसहून 14-15 तासांच्या टप्प्याचं एखादं विमान, त्यात सुट्टीच्या पहिल्या शनिवार-रविवारी एकत्र चार खुर्च्या, हा हिशेब निराळा. मार्चपर्यंत थांबलं तर तिकीट मिळेल, पण उरलेल्या महागड्या खुर्च्यांचं.

तरी 11 महिने आधी काढण्यातही फायदा नाही. बहुतेक कंपन्या साधारण 330 ते 355 दिवस आधी विक्री उघडतात. जाण्याची तारीख उघडते तेव्हा दोन महिन्यांनंतरची परतीची तारीख उघडलेलीच नसते. 31 जुलैची परत 330 दिवसांच्या हिशेबाने 4 सप्टेंबरच्या सुमारास दिसू लागते. त्याआधी जे दर दिसतात ते एकेरी असतात, आणि एकेरी अधिक एकेरी हे जवळजवळ नेहमीच महाग पडतं. म्हणून खरी सुरुवात सप्टेंबर. तिथून जानेवारीच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला एकदा त्याच तारखा बघायच्या आणि ठरवलेल्या आकड्याच्या खाली आलं की घ्यायचं. माझ्या मते मेअखेरच्या प्रवासासाठी ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ बरा.

पैठणची_रेवती

यावर माझं मत थोडं वेगळं. भाव उतरण्याची वाट बघणं एकट्याला जमतं. चौघांना एकाच विमानात शेजारी जागा हव्या असतील आणि तारीख शाळेने बांधलेली असेल तर उघडल्यावर पहिल्या महिन्यातच घ्यावं. पुढे 50-60 डॉलर उतरले तरी काय मोठं? चुकीच्या वेळेचं, 11 तास मध्ये थांबवणारं विमान पदरात पडण्यापेक्षा ते बरं.

देवगिरी

मान्य, इथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं. ताईंना जागा महत्त्वाच्या वाटतात, मला पैसे. धागाकर्त्यांनीच ठरवावं.

आता बाळूभाऊंच्या मंगळवाराकडे. विमानातल्या साध्या वर्गाच्या खुर्च्या एकाच भावाच्या नसतात. त्यांचे आतल्या आत कप्पे पाडलेले असतात, प्रत्येक कप्प्याला एक अक्षर आणि एक भाव. स्वस्त कप्प्यात दोनच खुर्च्या उरल्या आणि तुम्ही चार मागितल्या, तर यंत्र दोन स्वस्त आणि दोन महाग असं सहसा करत नाही. चारही खुर्च्या ज्या कप्प्यात एकत्र मिळतात त्या महाग कप्प्याचा भाव चौघांना लावतं. लोकांना वाटतं आपण बघितलं म्हणून चढला. खरं तर दुसऱ्या कुणीतरी एक खुर्ची घेतलेली असते.

करून बघा. तीच तारीख, तेच विमान, आधी 1 प्रवासी टाका, मग 2, मग 3, मग 4. भाव कोणत्या आकड्यावर उडी मारतो ते इथे लिहा. लहान मुलाचं भाडं थोडं वेगळं दिसतं, म्हणून चाचणीपुरते सगळे मोठे टाका.

उदगीरकर_टेक्सासात

केलं. हैदराबादचंच विमान, 28 मे. 1 टाकला तर 1,430. 2 टाकले तरी 1,430. 3 टाकले की 1,540, चारलाही 1,540. हे माहीतच नव्हतं!

म्हणजे दोन-दोनची दोन तिकिटं काढली तर दोघांचे 110 प्रमाणे 220 डॉलर वाचतात?

देवगिरी

वाचतात, पण आधी किंमत ऐका. दोन तिकिटं म्हणजे दोन पीएनआर. प्रत्येकात एक मोठं माणूस हवंच: तुम्ही आणि मुलगा एकात, वहिनी आणि धाकटी दुसऱ्यात. काढल्यावर कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडून घ्यायचे. तशी नोंद होते, पण ती नोंदच असते. पुढे वेळापत्रक बदललं आणि यंत्राने एका पीएनआरला शुक्रवारचं आणि दुसऱ्याला शनिवारचं विमान दिलं, तर फोन करून एकत्र आणावं लागतं. आणि हो, घाईत पहिलं काढून झालं आणि दुसरं काढेपर्यंत कप्पा संपला असंही होतं.

तेव्हा अमेरिकेतला 24 तासांचा नियम कामाला येतो. अमेरिकेहून निघणारं तिकीट थेट विमान कंपनीकडून, प्रवासाच्या किमान 7 दिवस आधी काढलं असेल, तर 24 तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं, किंवा कंपनी तेवढा वेळ भाव धरून ठेवते. दलालाच्या संकेतस्थळावरून काढलं तर त्यांना हे बंधन नाही. म्हणून 20-30 डॉलरसाठी अनोळखी संकेतस्थळावर जाऊ नका. सहा महिन्यांनी वेळ बदलली की विमान कंपनी म्हणते दलालाला विचारा आणि दलालाचा फोन लागत नाही.

नांदेडचा_बाळू

बरं, मंगळवार सोडला. पण दर बुधवारी सकाळी उतरतात हे मी खात्रीनं सांगतो.

देवगिरी

:)

आता धाकटी. जाताना ती 2 वर्षांच्या आतली, परतताना वरची. विमान कंपन्या वय प्रत्येक उड्डाणाच्या तारखेला मोजतात, म्हणजे 31 जुलैला तिला स्वतःची खुर्ची लागणारच. जाताना मांडीवर नेता येतं, भाडं साधारण मोठ्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पण संकेतस्थळावर तिला बाळ म्हणून टाकलंत तर ते येऊन-जाऊन बाळच धरतं आणि पुढे परतीला अडचण येते. काही ठिकाणी यंत्र जन्मतारीख बघून तिथेच थांबवतं, काही ठिकाणी पैसे घेऊन मोकळं होतं आणि परतीच्या काउंटरवर उमगतं.

माझं स्पष्ट मत, जातानाही खुर्ची घ्या. पाळणा भिंतीपुढच्या जागेलाच लागतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. सव्वा-दीड वर्षानंतर मूल त्यात मावत नाही. पावणेदोन-दोन वर्षांचं पोर 14 तास मांडीवर, त्यातले दहा तास जागं... खुर्ची घेतली की सामानाच्याही पूर्ण दोन बॅगा तिच्या नावावर मिळतात. मात्र स्वस्त भाड्यात हल्ली एकच बॅग असू शकते, पैसे भरण्याआधी ती ओळ वाचा.

पैठणची_रेवती

तिचा पासपोर्ट कुठला? अमेरिकी असेल तर ओसीआयचा अर्ज आत्ताच टाका, तिकिटाच्या आधी. नाहीतर ई-व्हिसा. हैदराबाद आणि मुंबई दोन्हीकडे ई-व्हिसावर उतरता येतं. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तस्सं, एक अक्षर इकडे-तिकडे नको. आपल्याकडे मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव असतं, ते एकाच्या पासपोर्टवर आहे आणि दुसऱ्याच्या नाही, असा गोंधळ घरोघरी आहे.

उदगीरकर_टेक्सासात

अमेरिकी आहे, अर्ज या आठवड्यात टाकतो. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर, एच-1बी. माझा व्हिसाचा शिक्का संपलाय, या खेपेला मारून घ्यायचा आहे. त्याची तारीख कधी मिळेल ठाऊक नाही.

देवगिरी

हे आधी सांगायला हवं होतं, यानं बरंच बदलतं. शिक्क्याची मुलाखत पुढे ढकलली गेली तर तुम्ही मागे राहणार आणि वहिनी मुलांना घेऊन 31 ला परतणार, ही शक्यता धरून चाला. मग तुमचा पीएनआर वेगळा असणं सोयीचंच आहे. तुमचं एकट्याचं तिकीट तारीख बदलता येणाऱ्या भाड्यात घ्या, बाकी तिघांचं साध्या भाड्यात. चौघांचं महागडं घेण्याची गरज नाही. अर्थात मग वहिनींना दोन मुलांना घेऊन एकट्यानं यावं लागेल, ते आधीच बोलून ठेवा.

युरोपमार्गे यायचं असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसाचा नियमही बघावा लागतो. संपलेल्या अमेरिकी शिक्क्यावर काही ठिकाणी सूट मिळत नाही. दोहा किंवा दुबईत विमानतळाच्या आत राहून विमान बदलायला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही. तुमच्या बाबतीत मी आखाती मार्ग धरीन. डॅलसहून दोहा आणि दुबई दोन्हीकडे सलग विमान आहे आणि दोन्हीकडून हैदराबादला आणि मुंबईलाही.

दुबईकर_परभणी

आखाताचंही काही खरं नसतं. जून 2025 मध्ये कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली होती, कितीतरी जण दोह्यात अडकले.

देवगिरी

बरोबर. म्हणूनच एकच तिकीट. अडकलात तर पुढे पोहोचवायची जबाबदारी त्यांची. सोबत औषधं आणि धाकटीचे दोन दिवसांचे कपडे हातातल्या पिशवीत.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही येऊन-जाऊन एकाच शहरातून का करताय? सासर-माहेर वेगळं आहे तर उतरा हैदराबादला आणि परत निघा मुंबईहून. संकेतस्थळावर `Multi-city` निवडा. पहिल्या ओळीत DFW ते HYD, 28 मे. दुसऱ्या ओळीत BOM ते DFW, 31 जुलै. कंपनी दोन्हीकडे तीच ठेवा. दोन एकेरी तिकिटं म्हणून वेगळी काढू नका. एकत्र मागितलं की सहसा येऊन-जाऊनच्या भाड्यांचं निम्मं-निम्मं धरून भाव निघतो.

उदगीरकर_टेक्सासात

बघितलं. चौघांना एकत्र माणशी 1,590 येतंय. दोन एकेरी करून बघितलं तर 1,050 आणि 1,120, म्हणजे 2,170!

हैदराबाद येऊन-जाऊनपेक्षा माणशी 50 जास्त, चौघांचे 200 डॉलर. ते द्यावेत का?

पैठणची_रेवती

द्यावेत. नाहीतर शेवटी संभाजीनगरहून पुन्हा हैदराबाद गाठायचं, ते 500 किलोमीटरच्या वर. मुंबई समृद्धी महामार्गानं साडेतीनशेच्या आसपास. जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे टप्पाही सुरू झालाय, कसारा घाट लागत नाही. आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक मात्र तुमची परीक्षा घेणार.

आणि क्रमही बरोबर बसतो. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला भरतात. मेअखेर आलात तर पहिले पंधरा दिवस उदगीरला चुलत भावंडं घरात असतील. नंतर ती शाळेत जातील आणि तुमचा मुलगा ओट्यावर एकटा बसेल. म्हणून आधी सगळं उदगीरचं उरका, मुंज जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बसते का गुरुजींना विचारा, मग संभाजीनगर. मुहूर्त मात्र तिकिटाच्या मागून यावा, आधी नाही. मे 28 च्या आतला काढून दिला तर शाळा बुडणार.

देवगिरी

हैदराबादचा फायदा आणखी एक. देशी-विदेशी सगळं एकाच टर्मिनलमध्ये, आणि शमशाबादहून बाह्यवळण रस्त्यानं शहरात न शिरता जहीराबाद–बिदर–उदगीर. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, साडेचार-पाच तास धरा.

वेळ बघून विमान निवडा. आखातातून येणारी बरीच विमानं रात्री 2 ते पहाटे 4 मध्ये उतरतात, काही सकाळी 8-9 ला. पहाटे 3 ला उतरलं तर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम करून बाहेर यायला दीड-दोन तास. म्हणजे 5 ला निघून उजेडात प्रवास होतो, मेच्या उन्हाच्या आत घरी. रात्री 11 ला उतरणारं असेल तर रात्रभर प्रवास, चालक डुलक्या घेणार. ते टाळा. दोह्यात विमान बदलायला सव्वा तास दाखवत असेल तेही टाळा, लहान मुलांसह किमान दोन-अडीच तास हवेत.

आजोबा_लातूर

गाडी उदगीरहून पाठवायची असेल तर एक सांगतो. 8 मोठ्या बॅगा आणि चार माणसं इनोव्हात बसत नाहीत. मागचं बाक दुमडलं तरी सहाच्या वर उभ्या राहत नाहीत. वर कॅरिअर लावून घ्या आणि ताडपत्री दोरीसकट घेऊन निघा, मेअखेर-जूनमध्ये वळवाचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. रस्ता कर्नाटक आणि तेलंगण दोन्हींतून जातो. भाड्यानं घ्यायची तर अखिल भारतीय परवान्याची पिवळ्या पाटीची घ्या. ओळखीची म्हणून पांढऱ्या पाटीची भाड्यानं आणली आणि नाक्यावर अडवली तर पोरं उन्हात बसतील.

पैठणची_रेवती

काका, ही सोळा आणे माहिती!

उदगीरकर_टेक्सासात

मुंबईहून परत निघायचं विमान 31 जुलै, 04:10 दाखवतंय. मग 31 ला सकाळी निघून...

देवगिरी

थांबा! इथेच दरवर्षी कुणी ना कुणी चुकतं. 31 जुलै 04:10 म्हणजे 30 जुलैच्या रात्रीनंतरचे पहाटेचे चार. 30 ला रात्री 12-1 ला तुम्ही विमानतळावर पाहिजेत. संभाजीनगरहून 30 ला दुपारी 2 च्या आत निघा. भर पावसाळा आहे, सहा-साडेसहा तासांच्या रस्त्याला चार तास वर ठेवा. घरच्यांनाही 31 ला जाणार असं सांगू नका, 30 ला निघणार असंच सांगा, नाहीतर सासूबाई त्या रात्रीचा स्वयंपाक ठरवून बसतील.

वंदे भारतनंही येता येईल, ती आता नांदेडहून सुटते, सकाळी संभाजीनगर आणि दुपारी मुंबई. 30 जुलैचं आरक्षण 31 मे रोजी उघडेल, तेव्हा तुम्ही उदगीरलाच असाल. सामान मात्र बेताचं असावं.

नांदेडचा_बाळू

मग माझं एक विचारतो. समजा संभाजीनगरपर्यंतचं एकच तिकीट काढलं आणि मुंबईला उतरून मेव्हण्याच्या गाडीनं गेलं, तर बिघडलं कुठे? पैसे तर भरलेत.

देवगिरी

बिघडतं. तिकिटाचे टप्पे क्रमानंच वापरावे लागतात. मधला एक टप्पा न सांगता सोडला की यंत्र पुढचे सगळे टप्पे रद्द करतं, परतीचं धरून. दोन महिन्यांनी मुंबईत काउंटरवर कळतं की तिकीटच नाही. सोडायचाच असेल तर आधी कंपनीशी बोलून तिकीट नव्यानं काढून घ्यावं लागतं.

संभाजीनगरच्या टप्प्याबद्दल दुसरी शंका अशी. आपल्याकडचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून लागतं आणि त्याचं पक्कं रूप त्याच्या थोडं आधी येतं. सप्टेंबरात पुढच्या जूनचं मुंबई–संभाजीनगर विमान दिसतं ते बऱ्याचदा चालू वेळापत्रकच पुढे ओढलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते सकाळचं संध्याकाळी जातं किंवा जातंच. छोट्या विमानतळाचा टप्पा जितका आधी घ्याल तितका तो कच्चा. हैदराबाद-मुंबईची आंतरराष्ट्रीय विमानं त्या मानानं पक्की, पण तीही हलतात. इतक्या आधी काढल्यावर एक-दोन बदल येणार हे धरूनच चाला.

बदलाची इमेल आली की लगेच `Accept` दाबू नका. आधी मधला थांबा किती उरला ते बघा. अमेरिकेहून निघणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या विमानाची वेळ 6 तास किंवा जास्त हलली, विमानतळ बदललं किंवा थांबे वाढले, तर प्रवास नाकारून पैसे परत मागण्याचा हक्क आहे. 6 तासांपेक्षा कमी असेल तरी फोन करून दुसरं विमान मागता येतं, बहुधा फुकट बदलून देतात. बदल झाला की तिकीट नव्यानं निघालं का ते तपासा. सहा अक्षरांचा पीएनआर तसाच राहतो, पण 13 अंकी तिकीट क्रमांक आहे का, आणि त्यावर सगळे टप्पे जुळतात का, ते बघायचं. पीएनआर दिसतोय आणि तिकीट क्रमांक जुळत नाही, अशा अवस्थेत चेक-इन होत नाही. महिन्याला एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, उघडून बघायचं.

उदगीरकर_टेक्सासात

आज रात्री बसून काढलं. बायको आणि दोन्ही मुलं एका पीएनआरवर, मी वेगळा, तारीख बदलता येणारं भाडं. जाताना हैदराबाद, येताना मुंबई, दोन्हीकडे दोह्यामार्गे. उतरायची वेळ पहाटे 2:40. धाकटीला खुर्ची घेतली. माझं एकट्याचं तिकीट महाग पडलं, बाकी तिघांचं अंदाजाएवढंच. दलालाकडून नाही, थेट काढलंय, 24 तासांत पुन्हा एकदा सगळी नावं वाचतो.

दोन गोष्टी राहिल्या. जोडलेल्या पीएनआरमध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आत्ताच निवडू की पैसे न भरता चेक-इनची वाट बघू? आणि मुंजीचं गुरुजींना विचारलं, ते म्हणतात नवं पंचांग येऊ द्या.

पैठणची_रेवती

मुलांच्या शेजारी आईची खुर्ची आत्ता निवडा, तुमची नंतर. वेळापत्रक बदललं आणि विमान बदललं की निवडलेल्या खुर्च्या बऱ्याचदा पुसल्या जातात, भरलेले पैसे मागून परत घ्यावे लागतात. दोनदा कशाला.

देवगिरी

मी चौघांच्या आत्ताच निवडेन. पहिल्या बदलानंतर पुन्हा बघायच्या, एवढंच.

आजोबा_लातूर

गाडी ठरवली का? मेअखेरीला लग्नाची दाट तिथ, कॅरिअरवाल्या इनोव्हा सगळ्या वऱ्हाडात जातात. विमानाचं आठ महिने आधी काढलं, तिचंही मार्चमध्ये सांगून ठेवा.